बेकिंग पावडरऐवजी खायचा सोडा आणि लिंबूसत्व: प्रकल्प नोंदी (लातूर, मे–जून २०२५)

३ मे

केकच्या ऑर्डरी चालू असताना बेकिंग पावडर संपते. तालुक्याच्या दुकानात मिळाली तरी डबा कधीचा फोडलेला आहे ते कळत नाही. खायचा सोडा आणि लिंबूसत्व मात्र कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. लिंबूसत्व म्हणजेच सायट्रिक ॲसिड. काही दुकानात ‘लिंबाचं फूल’ म्हणून मागावं लागतं. या दोन्हींतून पावडरचं काम नेमक्या मापात कसं करून घ्यायचं, एवढंच या नोंदींत आहे.

चाचणीसाठी एकच बिनअंड्याचा केक धरला आहे: मैदा २०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, पिठीसाखर १८० ग्रॅम, तेल ९० ग्रॅम, दूध २४० मिली, बेकिंग पावडर १० ग्रॅम. ७ इंची गोल डबा, ओव्हन १७०° सेल्सिअस, ४० मिनिटं. ज्वारी मुद्दाम घातली आहे. तिच्यात मैद्यासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे वायू नीट धरला जात नाही आणि मापातली चूक लगेच दिसते. नुसत्या मैद्याच्या केकमध्ये बरंच खपून जातं.

आजचा केक नव्या, सीलबंद पावडरचा. गार झाल्यावर मधोमध सुरी खुपसून उंची मोजली: ५.१ सेंमी. पुढचं सगळं या आकड्याशी ताडून बघायचं.

आता गणित. बेकिंग पावडर म्हणजे तीन वस्तूंचं मिश्रण: खायचा सोडा, एक किंवा दोन कोरडी आम्लं आणि ओल शोषायला कॉर्नफ्लॉवर. सोडा साधारण ३० टक्के असतो. म्हणजे १० ग्रॅम पावडरमध्ये सोडा फक्त ३ ग्रॅम. केक फुगतो तो याच ३ ग्रॅमवर. बाकीचे ७ ग्रॅम त्या सोड्याला कामाला लावतात किंवा डब्यात कोरडं ठेवतात. स्टार्च आपल्याला नको, कारण आपण मिश्रण साठवणार नाही, लगेच वापरणार.

चमच्यांची भानगड आधीच मिटवून घेतली. मापाचा ५ मिलीचा सपाट चमचा भरून पाच वेळा तोलला. पावडर सरासरी ४ ग्रॅम भरली, सोडा ४.८ ग्रॅम. घरातला चहाचा चमचा याच मापाचा असेल असं धरू नये. आमच्याकडच्या तीन चमच्यांत तीन वजनं आली. इथून पुढे सगळं ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर.

५ मे

आज नुसता सोडा ३ ग्रॅम, आम्ल काहीच नाही. बाकी सगळं तसंच.

उंची ३.७ सेंमी. वरची साल गडद तपकिरी, आतून पिवळट. जिभेला साबणासारखी, किंचित तुरट चव. जाळी मोठी आणि मधे दबलेली.

याचं कारण समजून घ्यायला हवं, कारण ‘सोडा कमी पडला’ असं वाटून बरेच जण आणखी चमचाभर टाकतात आणि केक आणखी बिघडवतात. सोड्याला आम्ल भेटलं तर त्याच्यातला सगळा कार्बन डायऑक्साइड सुटतो. आम्ल नसेल तर तो ओव्हनच्या उष्णतेने फुटतो, पण अर्धाच वायू देतो; उरलेल्या अर्ध्याचा धुण्याचा सोडा होतो आणि तो केकमध्येच राहतो. साबणासारखी चव आणि पिवळटपणा त्याचाच. पिवळा पडलेला केक कच्चा नसतो, त्यात सोडा उरलेला असतो.

उरलेला सोडा ओळखायला हळद पुरते. सोडा जास्त झालेल्या ढोकळ्यात हळदीचे लाल ठिपके पडतात, ते सगळ्यांनी बघितलेले असतात. तीच गोष्ट इथे वापरली. अर्धा चमचा हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासली, कागद सावलीत वाळवून पट्ट्या कापल्या. केकचा तुकडा पाण्याच्या दोन थेंबांनी ओला करून पट्टीवर दाबायचा. आजच्या केकने पट्टी विटकरी लाल झाली. ३ तारखेच्या केकचा झाकून ठेवलेला तुकडा दाबला, पट्टी पिवळीच राहिली. आता चवीबरोबर डोळ्यांनाही पुरावा आहे.

पण पट्टीची मर्यादा लक्षात ठेवायची. सोडा उरला असेल तरच ती बोलते. आम्ल जास्त झालं असेल तर ती पिवळीच राहते. ते जिभेनेच ओळखावं लागतं.

८ मे

लिंबूसत्व घेऊन दोन केक. पहिल्यात समसमान: सोडा ३ ग्रॅम, लिंबूसत्व ३ ग्रॅम. ‘सोडा तेवढं लिंबूसत्व’ हे तोंडी माप खूप ठिकाणी चालतं, म्हणून आधी तेच घेतलं.

उंची ४.९ सेंमी, म्हणजे वाईट नाही. पट्टी पिवळी. पण चव स्पष्ट आंबट, आणि वरून केक पांढुरका, भाजल्यासारखा दिसतच नाही. ४० मिनिटांनंतर आणखी ६ मिनिटं ठेवला तरी रंग आला नाही. आम्ल जास्त असलं की साल तांबूस होत नाही. फिकट केक बघून ओव्हनचं तापमान वाढवण्याआधी आम्ल तपासावं.

दुसऱ्यात माप हिशोबाने. सायट्रिक ॲसिडचा एक रेणू सोड्याचे तीन रेणू शमवतो. वजनात आणलं तर १ ग्रॅम सोड्याला ०.७६ ग्रॅम कोरडं सायट्रिक ॲसिड लागतं. ३ ग्रॅमला २.३ ग्रॅम. पाकिटावर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलं असेल तर स्फटिकात पाणी धरलेलं असतं, मग तेच माप ०.८३ होतं, म्हणजे ३ ग्रॅमला २.५ ग्रॅम. सुटं लिंबूसत्व कुठल्या जातीचं ते दुकानदारालाही माहीत नसतं. त्यामुळे २.३ ग्रॅमच घ्यावं. चूक झालीच तर किंचित सोडा उरेल, आणि तेवढा दूध आणि पीठ स्वतःच खाऊन टाकतात. दोघंही मुळात थोडे आंबटच असतात.

सोडा ३, लिंबूसत्व २.३: उंची ५.० सेंमी, साल तांबूस, आतून पांढरा, पट्टी पिवळी, चवीत काही नाही. पहिल्या दिवसाच्या केकशेजारी ठेवला तर जाळी थोडी मोठी, एवढाच फरक.

मापाच्या चमच्यात बसवायचं तर १ चमचा पावडरच्या जागी पाव चमचा सोडा आणि त्याहून किंचित कमी लिंबूसत्व. स्फटिक जाड असतील तर खलबत्त्यात बारीक करून मगच मोजावेत. जाड दाण्यांनी चमचा पोकळ भरतो, आणि केकमध्ये न विरघळलेला दाणा दाताखाली आला की चुरचुरीत आंबट लागतो.

१० मे

आज माप बरोबर होतं, तरी केक बसला. ८ तारखेचंच मिश्रण, पण डबा ओव्हनमध्ये ठेवायच्या आधीच वीज गेली आणि २५ मिनिटं आली नाही. उंची ३.६ सेंमी. आम्ल न घातलेल्या केकपेक्षाही कमी. चव मात्र उत्तम, पट्टी पिवळी. म्हणजे सोडा पूर्ण वापरला गेला, पण वायू ओव्हनच्या बाहेर, भांड्यातच उडाला.

बाजारातल्या पावडरमध्ये आणि आपल्या जोडीत खरा फरक इथेच आहे. बहुतेक पावडरी दोन टप्प्यांत काम करतात. एक आम्ल ओलं झाल्याबरोबर लागतं, दुसरं तापल्यावरच जागं होतं. त्यामुळे मिश्रण थोडा वेळ तसंच राहिलं तरी ओव्हनमध्ये पुन्हा फुगतं. लिंबूसत्वाला असं थांबणं माहीत नाही. पाणी मिळालं की ते विरघळतं आणि सोडा संपेपर्यंत काम करतं. त्यात मे महिना. दुपारी स्वयंपाकघरात ४० अंश, दूधही कोमट. अशा मिश्रणात बुडबुडे डोळ्यांदेखत येतात आणि वर येऊन फुटतात.

संध्याकाळी वीज आल्यावर क्रम बदलून पुन्हा केला. ओव्हन आधी तापवला. डब्याला तेल लावून पीठ भुरभुरलं. दूध फ्रिजमधलं थंड घेतलं. सोडा मैद्याबरोबर तीनदा चाळला. दूध, तेल, साखर आणि पीठ एकजीव करून घेतलं आणि लिंबूसत्व सगळ्यात शेवटी, दोन चमचे थंड पाण्यात विरघळवून ओतलं. सुरीसारख्या हाताने १५–२० वेळा खालून वर घेतलं, डब्यात ओतलं, ओव्हनमध्ये ठेवलं. पाणी ओतल्यापासून ओव्हनचं दार लागेपर्यंत अडीच मिनिटं. उंची ५.२ सेंमी, पावडरच्या केकपेक्षाही कणभर जास्त.

सोडा शेवटी घालून लिंबूसत्व आधी मिसळलं तर? करून पाहिलं नाही, करणारही नाही. सोड्याची गुठळी राहिली तर तिथे तपकिरी, साबणी डाग पडतो. त्याचं चाळलेलं असणंच बरं. आणि आंबटात घातलेलं दूध नासून दाणेदार होतं.

मोठ्या ऑर्डरीला मिश्रण एकदम कालवून चार डबे पाळीपाळीने भाजण्याची सवय असेल, तर ही जोडी त्या कामाची नाही. प्रत्येक डब्याचं लिंबूसत्व वेगळं, त्या त्या वेळी.

१४ मे

दही. दह्यातलं लॅक्टिक आम्ल सोड्याला चालतं, केकही मऊ होतो. अडचण एकच, दही किती आंबट आहे ते चमच्याने कळत नाही. पाककृतीत नुसतं ‘एक वाटी दही’ लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यातल्या मराठवाड्यात सकाळचं दही संध्याकाळी वेगळंच असतं.

म्हणून दही मोजून घेतलं. दूध संकलन केंद्रावर दुधाची आम्लता काढायची सोय असते: ब्युरेट म्हणजे मापाची नळी, आम्ल संपलं की गुलाबी होणारं फिनॉलफ्थॅलीन आणि एन/९ ताकदीचा कॉस्टिक सोडा. ती ताकद मुद्दाम निवडलेली आहे. १० ग्रॅम नमुना गुलाबी व्हायला त्याचे जितके मिली लागतील, त्याला दहाने भागलं की थेट लॅक्टिक आम्लाची टक्केवारी मिळते. दही १० ग्रॅम, तेवढंच पाणी घालून घोटलेलं, तीन थेंब फिनॉलफ्थॅलीन. दह्याच्या पांढऱ्या रंगात फिकट गुलाबी पटकन दिसत नाही, म्हणून शेजारी बिनरंगाचा नमुना ठेवून ताडत गेलो. ८.२ मिलीला गुलाबी रंग टिकला. आम्लता ०.८२ टक्के. हे रात्री विरजलेलं, सकाळी घट्ट लागलेलं, खायला गोडसर दही.

केकमध्ये २०० ग्रॅम दही घालायचं आहे (दूध ६० मिलीवर आणलं). २०० ग्रॅममध्ये आम्ल १.६४ ग्रॅम. १ ग्रॅम लॅक्टिक आम्ल ०.९३ ग्रॅम सोडा शमवतं, म्हणजे हे दही साधारण १.५ ग्रॅम सोडा सांभाळतं. आपल्याला लागतो ३ ग्रॅम. बरोबर निम्मा.

म्हणजे जवळजवळ भरलेली वाटी घट्ट दही घालूनही अर्धा सोडा बेवारस राहतो. ‘दही आहे ना, मग सोडा पूर्ण घाला’ या सल्ल्याने होणारे पिवळे केक इथून येतात. उरलेल्या १.५ ग्रॅम सोड्याला लिंबूसत्व १.१ ग्रॅम, नेहमीप्रमाणे शेवटी.

उंची ५.१ सेंमी. पट्टी पिवळी. जाळी आतापर्यंतची सगळ्यात बारीक.

१७ मे

तेच दही ओट्यावर आणखी दीड दिवस ठेवलं. वर निवळी सुटली, वास झणझणीत. पुन्हा केंद्रावर: १३ मिली, म्हणजे १.३ टक्के. आता २०० ग्रॅम दही २.४ ग्रॅम सोडा सांभाळतं. लिंबूसत्व लागलं फक्त ०.४५ ग्रॅम. उंची ५.०. तेवढ्यात एकाच दह्याचं सोड्याचं माप दीडपटीहून जास्त बदललं.

ज्यांच्या जवळ केंद्र नाही त्यांनी रात्री विरजलेलं, सकाळचं, निवळी न सुटलेलं दही घ्यावं आणि १०० ग्रॅमला पाऊण ग्रॅम सोडा धरावा. आंबट दही कढीला ठेवावं. ताकावर तर मोजल्याशिवाय भरवसाच नको, त्यात पाणी किती ते घुसळणाऱ्यालाच ठाऊक.

२० मे

लिंबू आणि व्हिनेगर एकाच दिवसात उरकले.

कागदी लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के सायट्रिक आम्ल धरलं तर ३ ग्रॅम सोड्याला ३८ मिली रस लागतो, म्हणजे मध्यम आकाराची तीन-चार लिंबं. ‘एक चमचा लिंबू पिळा’ हे माप कुठून आलं कळत नाही. ५ मिली रस जेमतेम ०.४ ग्रॅम सोडा शमवतो. तसा केक करून पाहिला, सोडा ३ ग्रॅम आणि रस ५ मिली. पट्टी लाल, रंग पिवळा, ५ मेच्या केकचा सख्खा भाऊ. ३८ मिलीचा केक चांगला फुगला, लिंबाचा वास राहिला. लिंबाच्या केकला चालेल, वेलचीच्या केकला नाही. शिवाय मे महिन्यात लिंबाचा भाव बघता लिंबूसत्वच परवडतं.

बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं पांढरं व्हिनेगर: १०० मिली साडेपाच ग्रॅम सोडा शमवतं, म्हणून ३ ग्रॅमला ५४ मिली. तेवढं दूध कमी करायचं विसरलं तर मिश्रण पातळ होतं आणि केक मधे कच्चा राहतो. माप बरोबर असेल तर भाजल्यावर व्हिनेगरचा वास राहत नाही. वास आलाच तर सोडा कमी पडला आहे.

१५ जून

पाऊस सुरू झाला. मिश्रण करून ठेवता येतं का, याची चाचणी. २० मेला सोडा ३० ग्रॅम, लिंबूसत्व २३ ग्रॅम आणि मंद आचेवर कोरडं करून गार केलेलं कॉर्नफ्लॉवर ४७ ग्रॅम मिसळून दोन बाटल्यांत भरलं होतं. या १०० ग्रॅममध्येही सोडा ३० टक्केच, म्हणून १० ग्रॅम पावडरच्या जागी १० ग्रॅमच घ्यायचं. एक बाटली घट्ट झाकणाची, रोज न उघडणारी. दुसरी नेहमीच्या वापरातली, ओट्यावरची.

ओट्यावरची बाटली आज उघडताना हलका ‘फुस्स’ आवाज आला. आत मिश्रणाची ढेप. अर्धा चमचा कडक गरम पाण्यात टाकला, चार बुडबुडे आले आणि संपलं. हवेतल्या ओलीवर दोघांची बाटलीतच भेट झाली होती. घट्ट बाटलीतलं मिश्रण मोकळं, पाण्यात टाकताच फेस वाटीच्या काठावर आला. त्या मिश्रणाचा केक ४.८ सेंमी.

उन्हाळ्यात महिनाभर चालतं, पावसाळ्यात आठवड्यापुरतंच करावं. आणि वापरताना चमचा कोरडाच हवा, वाफाळत्या पातेल्यावर बाटली उघडू नये. खरं तर दोन वस्तू दोन डब्यांत ठेवून ऐन वेळी तोलायला अर्धा मिनिट लागतो, त्यामुळे मिश्रणाची बाटली बंद केली आहे.

१६ जून

ओव्हनच्या भिंतीवर चिकटवलेली चिठ्ठी:

बेकिंग पावडर १० ग्रॅम (अडीच सपाट चमचे) = सोडा ३ ग्रॅम + खालीलपैकी एक
– लिंबूसत्व २.३ ग्रॅम, २ चमचे थंड पाण्यात, सगळ्यात शेवटी
– सकाळचं दही २०० ग्रॅम + लिंबूसत्व १.१ ग्रॅम, दूध ६० मिली
– लिंबाचा रस ३८ मिली, तेवढं दूध कमी
– ४ टक्के व्हिनेगर ५४ मिली, तेवढं दूध कमी

पिवळा आणि साबणी: सोडा उरला. पांढुरका आणि आंबट: आम्ल उरलं. चव चांगली पण बसका: ओव्हनला उशीर झाला.

खाली पेन्सिलीने कुणीतरी भर घातली आहे: ‘वीज जायच्या वेळेत केक लावू नका.’